उत्तर न आलेले १२० ई-मेल

काम मिळवण्यासाठी पाठवलेल्या ई-मेलना एकही उत्तर आले नाही, की पहिला संशय मजकुरावर जातो आणि पत्र नव्याने लिहायला घेतले जाते. तपासणीचा क्रम मात्र यादी, मजकूर, ऑफर आणि शेवटी वेळ असा हवा. पत्र योग्य माणसाकडे गेलेच नसेल, तर त्यातल्या शब्दांना दोष देता येत नाही.

समजा, कोल्हापूरच्या एका फाउंड्रीने कोइमतूरच्या पंप उत्पादकांकडे कास्टिंगचे काम मागणारे १२० ई-मेल पाठवले. यादीतला एकेक पत्ता तपासला, तर २२ मेल परत आलेले दिसतात. परतीच्या संदेशात 550 5.1.1 असेल, तर तो पत्ताच अस्तित्वात नाही. ३१ मेल info@ किंवा sales@ वर गेले; खरेदी पाहणारा माणूस ते उघडत नाही. १५ जण नुसते पंपविक्रेते निघाले, त्यांना कास्टिंग लागतच नाही. उरले ५२. शंभरामागे तीन उत्तरे आणणारे चांगले पत्र असले, तरी ५२ मेलना एकही उत्तर न येण्याची शक्यता पाचात एक असते. एवढ्यावरून पत्र नापास ठरवणे घाईचे होईल.

यादी दुरुस्त करून पुन्हा मेल पाठवले आणि तरीही सामसूम राहिली, तर मजकुराची पाळी. त्यातही आधी मेल स्पॅममध्ये पडतो का, हे पाहावे. तो स्वतःच्या जीमेलवर पाठवून Show original उघडले, की SPF, DKIM आणि DMARC यांच्यापुढे PASS आहे का ते दिसते. (मेल उघडल्याचे आकडे फारसे कामाचे नाहीत, २०२१पासून ॲपलचे मेल ॲप चित्रे आपोआप आधीच उतरवून घेऊ शकते, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो.) मग विषयाची ओळ. ‘कंपनी प्रोफाइल’ या शीर्षकाखाली जड पीडीएफ जोडलेला मेल पर्चेस मॅनेजर कशाला उघडेल? ‘इंपेलर कास्टिंग: तुमच्या ड्रॉइंगवर दर’ असे लिहिले, तर काम काय ते न उघडताच कळते.

मेल वाचला जातो, पण उत्तर येत नाही, अशी शंका असेल तर यादीतल्या पाच-सहा जणांना फोन करावा. ‘मेल पाहिला, पण आमचा पुरवठादार ठरलेला आहे,’ असे ऐकू आले, तर दोष ऑफरमध्ये आहे. ‘प्लँट पाहायला या’ हे अनोळख्याकडे केलेले फार मोठे मागणे आहे. एक ड्रॉइंग पाठवा, चार दिवसांत दर कळवतो आणि नमुन्याचा एक नग ओतून देतो, असे म्हटले तर होकार देणे सोपे जाते. हा बदल करताना यादी आणि बाकीचे पत्र तसेच ठेवावे, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

वेळेवर खापर फोडणे सर्वांत सोपे, म्हणूनच ती शेवटी. जानेवारीच्या मध्यावर पोंगल, मार्चअखेरीस हिशेबांची धांदल. अशा दिवसांत गेलेला मेल खरोखर मागे पडतो. उरलेल्या नावांपैकी निम्म्यांना तोच मेल दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाठवावा. तेवढ्यानेच उत्तरे येऊ लागली, तर अडचण बहुधा वेळेचीच होती.