वेबसाइट सुरू झाली, पुढे काय?

समजा, रत्नागिरीच्या एका बागायतदाराने हापूस विकण्यासाठी वेबसाइट करून घेतली. एप्रिलमधल्या रविवारी गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे कापले जातात, पण ऑर्डर काही नोंदवली जात नाही. अशा वेळी फोन कुणाला करायचा आणि तो किती वेळात उचलला जाईल, हे देखभाल कराराच्या प्रस्तावात आधीच लिहिलेले हवे.

त्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेळेचा. ‘दोन तासांत प्रतिसाद’ म्हणजे दोन तासांत दुरुस्ती नव्हे. कुणीतरी तक्रार पाहून कामाला लागेल, एवढेच. बिघाड पेमेंट गेटवेच्या बाजूला असेल, तर वेबसाइटवाल्याच्या हातात पाठपुरावाच असतो. म्हणून पैसे अडकले तर दोन तास, फोटो दिसत नसेल तर पुढचा कामाचा दिवस, असे टप्पे पाडावेत. हंगामात रविवार धरला आहे का, तेही विचारावे.

महिना ६,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,०८० रुपये. त्यात चुकांची दुरुस्ती, सॉफ्टवेअर अपडेट, बॅकअप आणि दोन तासांचे किरकोळ बदल. पेटीचा भाव बदलणे किरकोळ. कुरिअरचा माग दाखवणारे नवे पान मात्र वेगळ्या बिलाचे. वाद नेमका इथेच होतो, तेव्हा अशी दोन-चार उदाहरणे प्रस्तावातच लिहून घ्यावीत.

बॅकअप नुसता घेऊन भागत नाही. तो तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष उतरवून पाहण्याची अट घालावी. आणि डोमेन बागायतदाराच्याच नावावर असावे.