न चुकलेली वारी मोजताना

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, त्याला मंचावरच्या खुर्चीत बसवून त्याची स्तुती करायची, हे काम मुळातच अवघड. वारकऱ्याच्या सत्काराचं भाषण बिघडतं ते इथेच. वक्ता त्यांना ‘चालतेबोलते संत’ करून टाकतो आणि सत्कारमूर्ती मान खाली घालून शालीच्या दशा चाचपत बसतात. वारीत सगळेच एकमेकांचे ‘माउली’. त्यातल्या एकालाच उंच बसवलं की सर्वांत आधी त्यालाच टोचतं.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात दिंडीच्या वीणेकरी बाबांचा सत्कार आहे. निमित्त, पन्नास वर्षं न चुकलेली आषाढी वारी. भाषणाला बसण्याआधी पहिला प्रश्न हिशेबाचा. पहिली वारी 1976 ची असेल, तर 2025 ची धरून पन्नास भरतात. पण 2020 आणि 2021 मध्ये साथीमुळे पायी सोहळा झालाच नाही, माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. मग ‘पन्नास वर्षं अखंड पायी’ हे वाक्य खोटं ठरतं, आणि समोर बसलेल्या प्रत्येक माळकऱ्याला ते कळतं. कोणी बोलणार नाही, पण त्या क्षणापासून भाषण मनातून उतरतं.

हे झाकायचं कशाला? सरळ सांगावं:

‘बाबांची पहिली वारी 1976 ची. तेव्हा हातात टाळ होते, वीणा नंतर आली. त्यांच्या पन्नास वाऱ्यांपैकी अठ्ठेचाळीस पायी झाल्या. दोन वर्षं वाट बंद होती; तेव्हा त्यांनी घरातच देवापुढे वीणा गळ्यात घेऊन रोजचा हरिपाठ केला. एका वर्षी गुडघा सुजला, म्हणून दिवे घाट चढता आला नाही. त्या दिवशी वीणा शेजारच्या माउलीच्या गळ्यात देऊन ते सामानाच्या ट्रकमधून सासवडला गेले आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा दिंडीत उभे राहिले.’

ट्रकचा उल्लेख गाळा, असं कार्यकर्ते हमखास सुचवतील. गाळू नये. घाटाचा तो टप्पा सगळ्या वाटेतला दमवणारा, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक असतं. शिवाय सेवा कशाला म्हणतात, ते याच प्रसंगात दिसतं. दिंडीत पताका पुष्कळ, टाळकरी पुष्कळ, वीणेकरी मात्र एक. भजन चालू असताना वीणा जमिनीवर टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जायची, आणि देता-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. त्यामुळे बाबांची सेवा अखंड राहिली ती वीणा वेळेवर धरणारा कोणीतरी शेजारी होता म्हणून. त्या माणसाचं नाव भाषणात यायलाच हवं.

दुसरं नाव घरातलं. आळंदीहून पालखी निघते ज्येष्ठ वद्य अष्टमीला. नेमका तोच पेरणीचा हंगाम. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला की शेतकऱ्याला चार दिवससुद्धा थांबता येत नाही, आणि इथे घरचा कर्ता माणूस जवळजवळ तीन आठवडे वाटेवर. मग पाभर कोणी धरली? बैलांचं कोणी पाहिलं? बहुतेक घरांत याचं उत्तर पत्नी, भाऊ किंवा थोरला मुलगा असं मिळतं. भाषण लिहिणाऱ्याने आधी घरी जाऊन हे विचारावं. ‘घरच्यांचं सहकार्य लाभलं’ या गुळगुळीत वाक्यापेक्षा ‘बाबा वाटेवर असताना सगळी पेरणी काकूंनी उरकली’ हे वाक्य शंभर पटींनी खरं वाटतं आणि टाळीही त्यालाच पडते.

किलोमीटरचा गुणाकार मात्र टाळावा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे बारा हजार. वक्त्यांना हा आकडा फार आवडतो. वारकरी अंतर मोजत नाही, तो मुक्काम मोजतो. त्याऐवजी बाबा पहाटे काकड्याला किती वाजता उठतात, नव्या मुलाला टाळ कसा धरायचा ते कसं दाखवतात, असं एखादं डोळ्यांनी पाहिलेलं सांगावं. चमत्काराच्या गोष्टीही नकोत. ‘पांडुरंगाने करून घेतलं’ असं बाबा स्वतः म्हणत असतील तर ते त्यांच्या तोंडी शोभतं. वक्त्याने त्यांच्या वतीने देवाशी असलेली जवळीक जाहीर करू नये.

शाल-श्रीफळ ठीकच आहे. देणाऱ्यांनी विचारून घेतलं तर बाबा बहुधा दिंडीसाठीच काहीतरी मागतील, मृदंगाला नवी पुडी किंवा राहुटीचं कापड. तेच द्यावं, आणि दिल्याचं भाषणात एका वाक्यात सांगावं.

मजकूर सात-आठ मिनिटांहून लांबवू नका. आणि तो आधी काकूंना वाचून दाखवा. कोणत्या वर्षी काय झालं, हे त्यांना बाबांपेक्षा पक्कं आठवत असतं.