दीड किलोचा प्रश्न

दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या दोन लॅपटॉपवर एकच स्टिकर असू शकतो: कोअर आय-७, तेरावी पिढी. एक पातळ, सव्वा-दीड किलोचा, ज्याला अल्ट्राबुक म्हणतात. दुसरा जाडजूड, अडीच किलोच्या आसपास, बहुधा ‘गेमिंग’ म्हणून विकला जाणारा. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेल्या मुलाला दुसरा हवा असतो, कारण सीनियर सांगतात, ‘सॉफ्टवेअर जड असतात.’ सीनियरचं म्हणणं खोटं नाही. पण ते कधी खरं ठरतं, ते सिस्टिमच्या माहितीत दिसणाऱ्या पूर्ण नावात पाहावं लागतं.

पातळ यंत्रात ते नाव i7-1355U असेल, जाड्यात i7-13700H. शेवटचं अक्षर महत्त्वाचं. U गटाची चिप सावकाश, सलग कामासाठी १५ वॉटच्या हिशेबाने बनवलेली असते, H गटातली ४५ वॉटच्या. गंमत अशी, की दोन्हींचा एका कोअरचा कमाल वेग ५ गिगाहर्ट्झच आहे. थोडा वेळ दोघीही कितीतरी जास्त वीज ओढून पळतात. मग उष्णता साठते आणि खरा फरक उघडा पडतो. पातळ लॅपटॉपमध्ये बहुधा एकच छोटा पंखा असतो. तो जेवढी उष्णता बाहेर फेकू शकेल तेवढ्यावरच चिपला समाधान मानावं लागतं. जाड्यात दोन पंखे, जास्त नळ्या आणि हवेला जागा असते, म्हणून त्याचा दम टिकतो. जाडीचे जे पैसे आपण मोजतो ते मुख्यतः या टिकणाऱ्या दमाचे.

आता प्रश्न उरतो, हा दम विद्यार्थ्याला किती वेळा लागतो?

कल्याणहून रोज लोकलने माटुंग्याला जाणारी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी घेऊ. तिचं बरंचसं काम सॉलिडवर्क्समध्ये. स्केच काढणं, भाग उभा करणं, एखादं माप बदलून मॉडेल पुन्हा बांधून घेणं, ही कामं बहुतांशी एकाच कोअरवर चालतात. तिथे दोन्ही लॅपटॉप जवळपास सारखेच पळतात. चाळीस-पन्नास भागांची जुळणी पातळ यंत्रही नीट फिरवून दाखवतं. शेकडो भाग झाले की मात्र त्याचं अंगभूत ग्राफिक्स अडखळतं. इथे गेमिंगचं कार्ड कामी येतं, पण समजलं जातं तेवढं नाही. सॉलिडवर्क्सची अधिकृत मान्यता वर्कस्टेशन कार्डांना आहे. जीफोर्स कार्डं त्या यादीत नाहीत, आणि रिअलव्ह्यूसारखी सोय त्यांच्यावर सरळ मिळतही नाही.

मग येतं ताणाचं विश्लेषण. इथे सगळे कोअर कामाला लागतात, म्हणजे जाड्याने बाजी मारायला हवी. मारतोही. पण अँसिसच्या मोफत विद्यार्थी आवृत्तीत स्ट्रक्चरल गणितासाठी नोड किंवा एलिमेंटची मर्यादा १,२८,००० आहे. त्यापुढे ती गणित घेतच नाही. एवढं साधं स्थिर गणित १६ जीबी रॅमच्या पातळ लॅपटॉपवरही सहसा काही मिनिटांत सुटतं. जाडा ते त्याहून लवकर सोडवेल. वाचलेल्या मिनिटांत कॅन्टीनचा चहा तेवढा आटोपतो. प्रवाहाचं लांबलचक गणित, तासभर चालणारं रेंडरिंग किंवा एनव्हीडियाच्या कुडावर चालणारं काम रोजचंच असेल, तर मात्र हा हिशेब उलटतो आणि जाडाच घ्यावा. आर्किटेक्चरच्या किंवा गेम बनवणाऱ्या मुलांना मी पातळ सुचवणार नाही.

आता खांद्याचा हिशेब. जाहिरातीतल्या वजनात चार्जर धरलेला नसतो. पातळ लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर पाव किलोचा, आणि टाइप-सी असेल तर त्यावर फोनही चार्ज होतो. गेमिंग लॅपटॉपची २३० वॉटची वीट वायरीसकट पाऊण किलोच्या घरात जाते. म्हणजे एकीकडे १.३५ अधिक ०.२५, एकूण १.६ किलो. दुसरीकडे २.४ अधिक ०.७५, म्हणजे ३.१५. फरक दीड किलोचा, तोही डबा, पाण्याची बाटली आणि जर्नलं सोडून.

वीट घरी ठेवली तर? तिथेच तर मेख आहे. एकटी बॅटरी ग्राफिक्स कार्डाची पूर्ण भूक भागवू शकत नाही, म्हणून प्लग काढला की गेमिंग लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. ज्या ताकदीसाठी तो घेतला ती सॉकेटजवळच मिळते. साध्या नोट्स आणि ब्राउझरसाठी पातळ यंत्र ७-८ वॉट घेतं. ५७ वॉट-तासांची बॅटरी त्यावर सात तासांच्या आसपास टिकते. तेवढीच बॅटरी जाड्यात १५ वॉटने चार तासही पुरत नाही, आणि ग्राफिक्स कार्ड जागं राहिलं तर त्याहून कमी. नुसती पीडीएफ उघडी असताना पंखा घोंघावत असेल तर शंका घ्यावी. कमांड प्रॉम्प्टमध्ये `nvidia-smi` टाइप केलं की कोणते प्रोग्रॅम कार्ड वापरत आहेत ते दिसतं. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपात एचडीएमआयची तार थेट या कार्डाला जोडलेली असते. त्यामुळे सेमिनारला प्रोजेक्टर लावला की बॅटरी भराभर उतरते.

वर सांगितलेल्या विद्यार्थिनीला मी दोन्ही टोकं सोडून मधला लॅपटॉप घ्यायला सांगेन: चौदा इंची पडदा, दीड किलोच्या आसपास वजन, H गटाची चिप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रॅम मात्र पहिल्याच दिवशी १६ जीबी. पातळ यंत्रांत ती बहुधा बोर्डावरच डकवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. जाड्यात सहसा दोन खाचा असतात, तिथे आज आठ आणि पुढच्या वर्षी आणखी आठ असं चालतं.

मॅकबुक एअर हलका आणि बिनपंख्याचा आहे, पण सॉलिडवर्क्स मॅकसाठी नाही. स्नॅपड्रॅगन चिपच्या विंडोज लॅपटॉपबद्दल इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी आणखी सावध असावं. साधे प्रोग्रॅम त्यावर अनुवाद होऊन चालतात, हार्डवेअरचे ड्रायव्हर तसे चालत नाहीत. प्रयोगशाळेतल्या जुन्या प्रोग्रॅमरचा ड्रायव्हर त्या चिपसाठी निघालेलाच नसेल, तर ते उपकरण जोडूनही उपयोग नाही.

लोकलची गर्दी पातळ यंत्राचा मोठा शत्रू आहे. त्याचं झाकण लवचीक असतं. दाब आला की पडद्यावर कळांचे ठसे उमटतात, कधी काच तडकते. म्हणून पडद्याची बाजू पाठीकडे ठेवावी आणि डबा, चार्जर तिच्यावर टेकू देऊ नये. दुसरा त्रास दोन्ही प्रकारांत होतो. झाकण मिटलं तरी नवे विंडोज लॅपटॉप अर्धवट जागे राहतात, आणि दादरला पोहोचेपर्यंत बॅग गरम, बॅटरी निम्मी. `powercfg /a` दिल्यावर उपलब्ध असलेल्या अवस्थांच्या यादीत S0 दिसलं तर आपलं यंत्र त्याच जातीचं. अशा वेळी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून `powercfg /hibernate on` द्यावं आणि पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ निवडावं. उघडताना थोडे सेकंद जास्त लागतात, पण बॅगेत यंत्र खरोखर बंद असतं.