‘दुप्पट’ म्हणजे किती?

‘गोळीमुळे गुठळीचा धोका दुप्पट.’ काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी ठळक अक्षरं, खाली दोन खांब, दुसरा पहिल्याच्या बरोबर दुप्पट उंच. आकडा खरा आहे, खांबही मोजून काढलेत. तरीही ही स्लाइड पाहणाऱ्याची दिशाभूल करते. ती कशी, याचा एक जुना आणि महागात पडलेला किस्सा इंग्लंडचा आहे.

ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं डॉक्टरांना आणि औषध विक्रेत्यांना पत्र पाठवलं. डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन असलेल्या ‘तिसऱ्या पिढी’च्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आहे, असा इशारा त्यात होता. बातम्यांत ‘दुप्पट’ झळकलं, घबराट पसरली आणि कित्येकींनी गोळ्या एकदम सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 13 हजार गर्भपात जास्तीचे झाले, असा अंदाज आहे.

आता ‘दुप्पट’ उलगडून पाहू. जुनी गोळी घेणाऱ्या 7 हजार बायकांपैकी वर्षभरात साधारण एकीला गुठळी व्हायची. नवी गोळी घेणाऱ्या 7 हजारांपैकी दोघींना. एकाच्या दोन झाल्या म्हणून ‘शंभर टक्के वाढ’ हे गणित बरोबरच आहे. पण निव्वळ वाढ आहे 7 हजारांत एक. पहिलं वाक्य वाचून बाई गोळ्यांचं पाकीट कचऱ्यात टाकते. दुसरं वाचलं तर कदाचित डॉक्टरांना विचारायला जाते. फरक एवढाच की पहिल्या वाक्यातून मूळ आकडा गाळलेला आहे. एक रुपयाचे दोन रुपये झाले तरी दुप्पट आणि लाखाचे दोन लाख झाले तरी दुप्पटच.

स्लाइड बदलायची, तर मी आधी सगळे आकडे एकाच छेदावर आणीन. ‘7 हजारांत एक’ आणि ‘साडेतीन हजारांत एक’ असं लिहिलं की ऐकणारा छेदांतच अडकतो. आपल्याकडे लाख सोयीचा. त्या वेळी वापरात असलेले ढोबळ आकडे दर लाखामागे असे होते: गोळी न घेणाऱ्या 5, जुनी गोळी घेणाऱ्या 15, नवी गोळी घेणाऱ्या 30. आणि गरोदर बायकांत 60.

हा शेवटचा आकडा नसेल, तर बाकीचे तीन असूनही स्लाइड अपुरीच. कारण गोळी सोडणाऱ्या अनेकींपुढचा खरा पर्याय ‘गोळी नाही, काहीच नाही’ हा नव्हता. दिवस जाण्याची शक्यता हाही होता. आणि गुठळीचा धोका गरोदरपणात नव्या गोळीपेक्षाही जास्त. इथं एक खाचही आहे. पहिले तीन आकडे वर्षाचे आहेत, साठचा आकडा दर लाख गरोदरपणांमागचा. मुदत वेगळी, त्यामुळे चारही खांब मुकाट्यानं शेजारी उभे केले तर आपणही तीच लबाडी करतो. त्या खांबाखाली ‘दर लाख गरोदरपणांमागे’ असं लिहायलाच हवं.

खांबांबद्दल माझं मत जरा कडक आहे. 15 आणि 30 चे खांब पडदाभर ताणले की बाकीच्या 99 हजार 970 बायका दिसेनाशा होतात. त्याऐवजी 7 हजार ठिपके काढा, शंभराच्या सत्तर ओळी. करड्या ठिपक्यांत दोन लाल. मागच्या बाकावरून ते लाल ठिपके शोधावे लागतील, आणि ते शोधावं लागणं हीच माहिती आहे.

पण याच चित्रानं उलट फसवताही येतं. नवी गोळी घेणाऱ्या बायका 14 लाख आहेत असं समजा. जुन्या गोळीवर त्यांच्यापैकी वर्षाला 200 जणींना गुठळी झाली असती, नवीवर 400 जणींना होईल. पायाच्या शिरेतली अशी गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जीवही जाऊ शकतो. तेव्हा आरोग्य खात्यातल्या माणसाला ‘7 हजारांत फक्त एक’ असं सांगून गप्प बसवणं गैरच. त्याला 200 हा आकडा द्यायला हवा. दवाखान्यात समोर बसलेल्या बाईला ठिपके. माझ्या लेखी समितीनं इशारा दिला यात चूक नव्हतीच.

‘दुप्पट’ हा शब्द स्लाइडवरून काढायची गरज नाही. त्याला लागूनच, तेवढ्याच जाड अक्षरात लिहा: ‘वर्षाला दर लाख बायकांमागे सुमारे 15 ऐवजी 30’. तळटीप नको, आणि ‘ते मी तोंडी सांगेन’ हेही नको. हल्ली स्लाइड पडद्यावर आली की चार फोन वर होतात, आणि त्या फोटोत तुमचं बोलणं येत नाही.