दात घासताना होणाऱ्या चुका आणि सहाव्या दाताची गोष्ट



आमच्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा आहे. पोषण आहाराच्या वेळी तो भात नेहमी उजव्या गालातच चघळायचा. मटकीची उसळ असली की ताट तसंच ठेवायचा. आधी वाटलं, खाण्याचे नखरे असतील. एक दिवस ‘आ’ करायला सांगितलं, तर डावीकडे खाली, अगदी शेवटच्या दाढेत काळा खड्डा दिसला. त्याच्या आईला बोलावलं. त्या म्हणाल्या, “अहो मॅडम, दुधाचाच दात आहे. पडेल आणि नवीन येईल. आत्ताच कशाला डॉक्टर?”

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. सात वर्षांच्या मुलाचे दात दुधाचे नसणार तर काय!

त्याच महिन्यात पालकसभेसाठी गावातल्या दातांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं होतं. त्यांनी लांबलचक भाषण दिलं नाही. ब्रश करताना होणाऱ्या चुकांची आठ चित्रं त्यांनी मोबाइलवर तयार करून आणली होती, एकामागून एक सरकवत बघायची. प्रत्येक चित्राखाली साध्या मराठीत एक-दोन ओळी. त्यातल्या पहिल्याच चित्रानं मला आणि त्या आईंना एकदमच धक्का दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘मधून मोजा. सहावा दात दुधाचा नाही.’

हे मोजणं तुम्हीही आज घरी करून बघा. मुलाच्या खालच्या ओळीत दोन समोरच्या दातांच्या मधोमध बोट ठेवा आणि एका बाजूला मोजत जा. समोरचे दोन दात, मग सुळा, मग दोन दाढा, असे पाच झाले. एखादा दात पडून फट राहिली असेल तर ती फटही एक दात धरायची. दुधाचे दात एकूण २०, म्हणजे वर-खाली, डावीकडे-उजवीकडे पाच-पाचच असतात. त्यामुळे या पाचांच्या मागे सहावा दात दिसला, तर तो कायमचा. साधारण सहाव्या वर्षाच्या सुमारास ही दाढ येते, कुणाची थोडी आधी, कुणाची उशिरा.

ती पालकांच्या लक्षात का येत नाही? कारण तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. समोरचा दात हलला की घरभर चर्चा होते, तो पडला की मूल हातात घेऊन दाखवतं. ही दाढ मात्र सगळ्यांच्या मागून, हिरडीतून गुपचूप वर येते. वाटलंच तर मूल दोन दिवस ‘मागं दुखतंय’ म्हणतं, एवढंच. आणि तिच्या शेजारच्या दोन दुधाच्या दाढाही दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात, म्हणजे ‘पडेलच’ म्हणून त्यांच्याकडेही दुर्लक्ष करून चालत नाही.

आता ब्रशच्या चुकीकडे येऊ. डॉक्टरबाईंनी आमच्याच फळ्याचं उदाहरण दिलं. फळा पुसायला मूल पाठवलं की ते मधला भाग तीनदा पुसतं आणि कोपऱ्यातली तारीख तशीच राहते. तोंडातही नेमकं हेच होतं. समोरचे दात चकाचक, शेवटची दाढ कोरी. पण इथे आणखी एक अडचण आहे. नवीन दाढ एका दिवसात पूर्ण वर येत नाही. हिरडीतून डोकावल्यापासून समोरच्या दाढेला टेकेपर्यंत तिला साधारण वर्ष-सव्वा वर्ष लागतं. तेवढा काळ ती शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते. नेहमीसारखा पुढे-मागे ब्रश फिरवला की त्याचे केस उंच दाढेवरून जातात आणि बुटकीला लागतच नाहीत. मूल प्रामाणिकपणे रोज घासतंय, आईसुद्धा शेजारी उभी आहे, आणि तरीही त्या दाढेला महिनोन्‌महिने ब्रश लागलेला नाही, असं होऊ शकतं.

शिवाय तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात. काही खाचा तर ब्रशच्या एका केसापेक्षाही अरुंद असतात. नुकत्याच आलेल्या दाताचं कवचही अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. बिस्किटाचा लगदा तिथे बसतो, तोंडातले जंतू त्यातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल कवच विरघळवत जातं.

मग घासायचं कसं? डॉक्टरबाईंनी पालकसभेतच एका मुलीला पुढे बोलावून करून दाखवलं. मुलाला आरशासमोर उभं करायचं आणि आपण त्याच्या मागे. त्याचं डोकं आपल्या छातीला टेकवायचं. डाव्या हाताच्या बोटानं गाल हलकेच बाजूला ओढायचा. आणि इथे आपण सगळेच एक चूक करतो. ‘मोठ्ठा आ कर’ म्हणतो. आ मोठा केला की गाल ताणला जातो आणि वरच्या दाढेच्या बाहेरच्या बाजूला ब्रश शिरायला जागाच उरत नाही. तिथे तोंड अर्धवट मिटलेलं बरं. त्या बुटक्या दाढेसाठी ब्रश गालाच्या बाजूनं आडवा आत न्यायचा, म्हणजे दातांच्या ओळीला काटकोनात, आणि तिच्या माथ्यावर टेकवून छोटे छोटे हात फिरवायचे. चारही कोपऱ्यांत दहा-दहा वेळा केलं तरी मिनिटभरात होतं. सुरुवात शेवटच्या दाढेपासून करायची, समोरचे दात मागाहून. कंटाळा आला तरी अवघड काम आधीच झालेलं असतं.

पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, “मुलगा स्वतःच घासतो की. किती वर्षं आपण घासायचं?” डॉक्टरबाईंचं उत्तर होतं, साधारण सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनी करावा किंवा मुलानं केल्यावर एकदा हात फिरवावा. पहिलीतल्या मुलाचं अक्षर आपण पाहतोच. ज्या बोटांना ओळीत लिहिता येत नाही, त्यांना न दिसणाऱ्या दाढेभोवती ब्रश वळवता येईल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

दुसरी चूक आपल्या मराठी घरांत फार मुरलेली आहे. ब्रश झाला की खळखळून चुळा भरायच्या. तोंडात फेसाचा कणही उरता कामा नये! पण पेस्टमधलं फ्लोराइड दाताच्या कवचाला बळकटी देतं आणि त्यासाठी ते दातावर थोडा वेळ राहावं लागतं. चार चुळा भरल्या की ते बेसिनमध्ये गेलं. म्हणून फेस नीट थुंकायचा आणि चूळ भरायची नाही. सुरुवातीला विचित्र वाटतं. मी स्वतः आठवडाभर तोंड वाकडं करत होते, मग सवय झाली. अर्थात हे करायचं तर पेस्टही बेताचीच हवी. जाहिरातीत ब्रशवर पेस्टची लांब नागमोडी पट्टी दिसते, तेवढी नको. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरे. मुलानं पेस्ट गिळू नये याकडे लक्ष असू द्या. आणि चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या पालकांनी पेस्ट कोणती वापरावी हे दातांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

रात्रीच्या ब्रशनंतर हळद-दूध, तेही साखर घालून, हीसुद्धा आपल्याकडची ठरलेली गोष्ट. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे दातावरची साखर धुतली जात नाही. दूध द्या, जरूर द्या, पण ब्रशच्या आधी. ब्रशनंतर फक्त पाणी.

हिरडीतून रक्त आलं की ‘तिथे लागलंय’ म्हणून तेवढी जागा सोडून घासणारी मुलं आणि मोठी माणसंही बरीच आहेत. बहुतेक वेळा उलट असतं. तिथला थर न निघाल्यामुळे हिरडी सुजते आणि रक्त येतं. मऊ ब्रशनं हलक्या हातानं तीच जागा रोज स्वच्छ केली, तर आठवडा-दोन आठवड्यांत रक्त कमी व्हायला हवं. नाही झालं तर दाखवायचं. जोर लावून घासणं मात्र मोठ्यांची चूक आहे. त्यानं हिरडी खाली सरकते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते. आणि आजीची मिश्री कुणाच्या घरी असेल तर ती मुलांच्या हाती लागू देऊ नका. ती भाजलेली तंबाखू आहे, दंतमंजन नव्हे.

घरी तपासायची एक सोपी युक्ती. मुलाला एक चॉकलेटी बिस्किट द्या, मग त्याला नेहमीसारखा ब्रश करू द्या, मदत करू नका. नंतर मोबाइलचा टॉर्च लावून सहाव्या दाढेचा माथा बघा. खाचेत काळपट लगदा दिसला, तर ब्रश कुठे पोहोचत नाही हे मुलालाच आरशात दिसतं. आमच्या वर्गात अठ्ठावीस मुलांपैकी फक्त तिघांच्या दाढा स्वच्छ निघाल्या. पालकांनी घरी केलेल्या तपासणीत बऱ्याच मोठ्यांचंही तसंच निघालं म्हणे!

आता डॉक्टरांकडे कधी जायचं? शेवटच्या चित्रावर डॉक्टरबाईंनी सौम्य शब्दांत एवढंच लिहिलं होतं की हे वाचून घरच्या घरी निदान करू नका. खाचेतली प्रत्येक काळी रेघ म्हणजे कीड नसते, आणि वरून पांढरी दिसणारी दाढ आतून पोखरलेली असू शकते. दातावर खडूसारखा पांढरा डाग, एकाच जागी अन्न अडकणं, गार पाण्याची कळ, एकाच बाजूनं चावणं, यांतलं काहीही दिसलं तर दाखवून घ्या. रात्री झोपमोड करणारी दुखणी, हिरडीवर पुळी किंवा गालाला सूज असेल तर थांबू नका. आणि काहीच त्रास नसेल तरी सहावी दाढ आल्यावर एकदा दाखवावी. खाचा फार खोल असतील तर डॉक्टर त्या पातळ लेपानं बुजवून देतात. त्याला सीलंट म्हणतात आणि त्यासाठी दात कोरावा लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा दातांची तक्रार आवर्जून सांगा. तिथून पुढे सरकारी रुग्णालयात पाठवता येतं. जवळ दंत महाविद्यालय असेल तर तिथेही कमी खर्चात काम होतं.

त्या मुलाची दाढ वाचली. कीड नसेपर्यंत गेली नव्हती, म्हणून खड्डा साफ करून त्यात सिमेंट भरून भागलं. बाकीच्या तीन सहाव्या दाढा चांगल्या होत्या, त्यांच्या खाचा लेपानं बुजवल्या. परवा पोषण आहारात मटकीच होती. ताट रिकामं करून तो माझ्याकडे आला, गालात बोट घालून मोजायला लागला, “एक, दोन, तीन, फट, पाच... मॅडम, ही सहावी!”