चंचल मुले आणि माशाच्या तेलाची मात्रा

ओमेगा-३ हा स्निग्ध आम्लांचा गट आहे. त्यातील तीन आम्ले महत्त्वाची: जवस-अक्रोडात असणारे एएलए, आणि प्रामुख्याने समुद्री माशांत व काही शेवाळांत सापडणारी ईपीए आणि डीएचए. मेंदूच्या पेशींच्या आवरणात डीएचए मोठ्या प्रमाणावर असते. ईपीए तिथे फारच थोडे असते, पण दाह कमी करण्यात त्याचा वाटा आहे. १९९५ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांना असे दिसले, की एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता, असलेल्या मुलग्यांच्या रक्तात या गटातील काही आम्ले इतर मुलांपेक्षा कमी असतात. जे कमी आहे ते बाहेरून दिले तर मूल स्थिर बसेल का, हा प्रश्न तेव्हापासून तपासला जात आहे.

सुरुवातीला आशा डीएचएवर होती, कारण मेंदूत असते तेच. पण २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एडीएचडी असलेल्या मुलांना चार महिने रोज सुमारे ३४५ मिलिग्रॅम डीएचए देऊनही काही फरक पडला नाही. मग २००५ मध्ये इंग्लंडमधील डरहॅम भागातल्या शाळांमध्ये ११७ मुलांवर प्रयोग झाला. ही मुले ५ ते १२ वर्षांची होती आणि त्यांना हालचालींच्या समन्वयाची अडचण होती. या वेळी तेलात ईपीए जास्त होते: रोज ५५८ मिलिग्रॅम ईपीए आणि १७४ मिलिग्रॅम डीएचए, जोडीला थोडे इव्हनिंग प्रिमरोझचे तेल. तीन महिन्यांनी हालचालींत सुधारणा दिसली नाही, पण वाचन, शुद्धलेखन आणि वर्गातील वागणूक मात्र सुधारली होती. माशाच्या तेलाची कीर्ती पसरली ती मुख्यतः या प्रयोगामुळे.

पुढची गोष्ट अधिक बोधक आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी वाचनात मागे पडलेल्या ३६२ मुलांना १६ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम शेवाळजन्य डीएचए किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. सगळ्या मुलांचा एकत्र विचार केला तर वाचनात फरक नव्हता. अगदी तळाच्या मुलांत थोडी प्रगती दिसली. पालकांनी चंचलता कमी झाल्याचे सांगितले, शिक्षकांना मात्र तसे जाणवले नाही. मग संशोधकांनी योग्य तेच केले. ज्या तळाच्या गटात फायदा दिसला होता, तशीच ३७६ मुले घेऊन त्यांनी प्रयोग पुन्हा केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दुसऱ्या फेरीत ना वाचन सुधारले, ना वागणूक. एखाद्या चाचणीच्या एका कोपऱ्यात दिसलेला फायदा पुन्हा तपासल्याशिवाय खरा का मानू नये, ते इथे कळते.

अनेक चाचण्या एकत्र मांडल्यावर काय दिसते? २०११ मध्ये अमेरिकेत १० चाचण्यांतील ६९९ मुलांची माहिती एकत्र केली गेली. फायदा होता, पण लहान. एडीएचडीसाठी दिल्या जाणाऱ्या मेथिलफेनिडेटसारख्या औषधाचा परिणाम त्याच्या दुपटीहून मोठा असतो. ईपीएची मात्रा जास्त तिथे फायदाही थोडा जास्त, हेही त्यात दिसले. त्यानंतर २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ३७ चाचण्यांचा अधिक काटेकोर आढावा घेतला. पालकांनी दिलेल्या गुणांवरून एकाग्रता किंवा चंचलतेत फरक पडत नाही, असे त्यात स्पष्टपणे म्हटले आहे. काही मुलांत सुधारणेची शक्यता वाढत असेल, एवढाच कमकुवत पुरावा उरला. ब्रिटनच्या अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शनात तर एडीएचडीच्या उपचारासाठी ही पूरके सुचवू नयेत असेच सांगितले आहे.

तरीही एक धागा सोडून देण्यासारखा नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तैवानमधील अभ्यासात ९२ मुलांना १२ आठवडे रोज १.२ ग्रॅम ईपीए देण्यात आले. ज्यांच्या रक्तात मुळात ईपीए कमी होते, त्यांची अवधानाची चाचणी सुधारली. ज्यांच्यात ते आधीच भरपूर होते, त्यांना असा लाभ झाला नाही, उलट उतावळेपणाच्या बाबतीत ती निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा मागे राहिली. म्हणजे तेल कामी येत असेलच तर ते उणीव असलेल्या मुलाला. घरात बांगडा किंवा तारली आठवड्यातून दोनदा शिजत असेल, तर बाटली विकत घेण्याचे कारण बरेच कमी होते.

एडीएचडीसाठी सर्वमान्य मात्रा ठरलेली नाही. शालेय वयाच्या मुलांवरील ज्या चाचण्यांत काही हाती लागले, त्यांत ईपीए साधारण ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त होते आणि डीएचए त्यापेक्षा कमी. पालकांची गल्लत इथेच होते. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’ असते, पण ते तेलाचे वजन असते. साध्या कॅप्सूलमध्ये त्यातले १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए असते. आठ वर्षांच्या मुलाला ५०० मिलिग्रॅमच्या आसपास ईपीए द्यायचे तर अशा तीन कॅप्सूल लागतील: ५४० ईपीए आणि ३६० डीएचए. रंगीत गमीजमध्ये तर बऱ्याचदा इतके कमी ओमेगा-३ असते, की ही मात्रा गाठेपर्यंत पोटात साखरच जास्त जाईल. म्हणून पाठीमागचा बारीक तक्ता वाचून ईपीएचा आकडा शोधावा.

कॉडलिव्हर ऑइल या कामासाठी वापरू नये. त्याच्या एका चमच्यात सुमारे १,३५० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व असू शकते, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी अमेरिकी मानकांतील कमाल मर्यादा ९०० आहे. शाकाहारी घरांत जवसाची चटणी उपयोगी अन्न आहेच, पण शरीर त्यातील एएलएचा फार थोडा भाग ईपीएमध्ये बदलते. त्यांच्यासाठी शेवाळाचे तेल हा पर्याय, तोही ईपीए असलेला, कारण अशा अनेक तेलांत फक्त डीएचए असते.

प्रयोग करायचाच असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून, सहा वर्षांपुढील मुलावर आणि मुदत ठरवून करावा. सुरू करण्यापूर्वी आई-वडील आणि वर्गशिक्षक यांनी वेगवेगळे गुण द्यावेत. व्हँडरबिल्ट प्रश्नावलीत अवधानाचे नऊ प्रश्न असतात, प्रत्येकी शून्य ते तीन, एकूण २७ गुण, आणि जास्त गुण म्हणजे जास्त अडचण. समजा, तिसरीतल्या मुलाला दोघांनीही २० दिले. तेल जेवणासोबत द्यावे, आणि त्या काळात शिकवणी, झोपेची वेळ, औषध यांत दुसरा बदल करू नये, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. बारा ते सोळा आठवड्यांनी पुन्हा गुण द्यावेत. शिक्षकांचा आकडा १९ आणि घरचा १४ आला, तर तो बहुधा पालकांच्या आशेचा परिणाम आहे आणि तेल थांबवावे. दोन्हीकडे १४-१५ आले तर पुढे चालू ठेवण्याला अर्थ आहे.

चालू असलेले औषध तेलाच्या भरवशावर बंद करू नये. माशाच्या वासाची ढेकर, मळमळ, पातळ शौच हे नेहमीचे त्रास मात्रा विभागून दिल्याने कमी होतात. तेलाला खवट वास येत असेल तर ते हवेने बिघडलेले असते, ते फेकून द्यावे. माशांची ॲलर्जी असलेल्या, रक्त पातळ करणारे औषध किंवा फिटसाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या, अथवा शस्त्रक्रिया ठरलेल्या मुलाला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय ते देऊ नये.