ओल्या डेकवरचा बूट

अमेरिकेतील कनेटिकटचा पॉल स्पेरी एकदा आपल्या बोटीच्या डेकवरून घसरून पाण्यात पडला. त्यानंतर त्याचं लक्ष आपल्या कुत्र्याकडे गेलं. बर्फावरही तो न घसरता पळायचा, कारण त्याच्या तळव्यांवर बारीक भेगांचं जाळं होतं. स्पेरीने रबरी तळव्यावर चाकूने तशाच नागमोडी चिरा पाडल्या आणि १९३५ मध्ये त्याचा डेक शू बाजारात आला.

डेक ओला असला की बूट आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. साध्या स्पोर्ट्स शूजचा तळवा बहुधा कडक असतो, त्याचे खोल, जाडजूड उंचवटे मातीत रुततात. गुळगुळीत फायबरग्लासवर मात्र त्यांना रुतायला जागाच नसते. ते पाण्याच्या थरावरच तरंगतात.

डेक शूचं रबर मऊ असतं. पाऊल वाकलं की चिरा उघडतात, त्यांच्या कडा पाणी पुसून बाजूला सारतात आणि रबर थेट डेकला टेकतं. चिरांत वाळू भरली किंवा त्या झिजून उथळ झाल्या, की हीच पकड जाते. शेवाळ किंवा तेल सांडलेलं असेल तर चांगला बूटही घसरतो.

काळ्या तळव्यातली काजळी पांढऱ्या डेकवर रेघोट्या उमटवू शकते. विकत घेण्यापूर्वी तळवा पांढऱ्या कागदावर जोरात घासून पाहावा आणि बूट वाकवून चिरा उघडतात का, तेही तपासावं.